माल आला, बिल नाही: ३१ मार्चला वहीत न आलेली देणी कशी शोधतात

२०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी आला. दुसऱ्या दिवशी, सोमवारी रमजान ईद. हिशेबाचं वर्ष संपण्याचे शेवटचे दोन दिवस असे सलग सणाचे गेले. आता डोळ्यासमोर लातूरची एक दाळमिल आणा. तुरीचा हंगाम जोरात आहे. शनिवारी २९ तारखेला संध्याकाळी कलबुर्गीहून तुरीचा ट्रक आला. वॉचमनने गेटच्या वहीत नंबर लिहिला, काट्यावर वजन झालं, हमालांनी रात्रीच पोती गोडाऊनला लावली. मुनीमजी मात्र दुपारीच गावाकडे गेले होते. ते बुधवारी २ एप्रिलला परत आले. त्याच दिवशी व्यापाऱ्याचं बिल हातात पडलं आणि त्यांनी ते २ एप्रिलच्या तारखेने टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घातलं.

यात कुणी काही लपवलेलं नाही. तरीही ३१ मार्चच्या ताळेबंदात चौदा लाखांचं देणं नाही, आणि नफा बरोबर चौदा लाखांनी फुगलेला आहे. अशी देणी कशी शोधायची, त्याबद्दल हा लेख आहे. मिल मी नमुन्यापुरती उभी केली आहे आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत. चुका मात्र सगळ्या ऑडिटच्या तपासणीत डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत.

मिलची उलाढाल वर्षाला २५ कोटी रुपये आणि कच्च्या ताळेबंदातला नफा ४८ लाख. दाळीच्या धंद्यात नफ्याचं प्रमाण इतकंच बारीक असतं. म्हणून तिथे एक ट्रक चुकला तरी चित्र बदलतं.

यादी तपासून का भागत नाही

नवीन मुलं तपासणीला बसली की पहिल्यांदा क्रेडिटर्सची, म्हणजे ज्यांना पैसे द्यायचे आहेत त्यांची, यादी काढतात. यादीत ऐंशी नावं असतात. एकेका नावाचं बिल काढायचं, रक्कम जुळली की टिक करायची. दोन दिवसांत यादी हिरवीगार होते आणि वाटतं की देण्यांचं काम झालं. मीही सीएच्या आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षी हेच केलं होतं. पण या कामातून इतकंच कळतं की यादीत जे आहे ते खरं आहे. यादीत जे यायला हवं होतं आणि आलं नाही, त्याला टिक करायला जागाच नसते.

येण्यांच्या बाबतीत ही पद्धत चालते, कारण तिथे खोटी नावं घालून आकडा वाढवण्याची भीती असते. वहीतलं नाव धरायचं आणि त्याचा पुरावा बाहेर शोधायचा. देण्यांच्या बाबतीत भीती उलटी, म्हणजे आकडा कमी दाखवला जाण्याची. म्हणून रस्ताही उलटा धरावा लागतो. सुरुवात वहीच्या बाहेरून करायची. बँकेतून गेलेला पैसा, गेटमधून आत आलेला माल, काट्याची पावती हे सगळं आधी हातात घ्यायचं आणि मग विचारायचं, याचं देणं ३१ मार्चच्या यादीत आहे का?

तो चौदा लाखांचा फुगवटा कसा होतो तेही इथेच पाहू. वर्षभरात वापरलेल्या तुरीचा खर्च काढताना आपण सुरुवातीचा माल घेतो, त्यात वर्षाची खरेदी मिळवतो आणि ३१ मार्चला मोजलेला माल वजा करतो. त्या ट्रकमधली २०० क्विंटल तूर गोडाऊनमध्ये होती, त्यामुळे गोडाऊन किपरने ती मोजली. ७,००० रुपये क्विंटलने तिचे १४ लाख शिल्लक मालात धरले गेले. खरेदीत मात्र ते १४ लाख नव्हते. मिळवायचं ते मिळवलं नाही आणि वजा करायचं ते केलं, म्हणून खर्च १४ लाखांनी कमी आणि नफा तितकाच जास्त.

तीच तूर मोजायचीही राहिली असती तर नफा बरोबर आला असता. माल आणि देणं, दोन्ही १४ लाखांनी कमी दिसलं असतं. तीही चूकच, पण नफ्याला धक्का न लावणारी. म्हणून न लिहिलेलं देणं सापडलं की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: हा माल ३१ तारखेच्या मोजणीत होता का? मालाचं उत्तर त्यावर ठरतं. वीज, दलाली, भाडं अशा खर्चाला शिल्लक माल नसतोच, त्यामुळे तिथे देणं सुटलं की नफा सरळ तेवढ्याने चुकतो. नवीन यंत्राचं बिल सुटलं तर नफ्याला सहसा काही होत नाही, पण यंत्रही दिसत नाही आणि देणंही.

पहिला रस्ता: १ एप्रिलपासून गेलेले पैसे

यामागचा विचार अगदी साधा आहे. ३१ मार्चला खरंच देणं असेल तर आज ना उद्या ते फेडावं लागणारच. म्हणून नव्या वर्षात कुणाला पैसे दिले ते पाहायचं आणि ते कशाचे होते हे शोधत मागे जायचं.

आमची तपासणी १५ जूनला सुरू झाली असं धरू. मग १ एप्रिल ते १५ जून या काळाचा बँकेचा उतारा घ्यायचा. उतारा बँकेचाच हवा, टॅलीतलं बँकेचं खातं नको. टॅलीतल्या खात्यात तीच माणसं नोंदी करतात ज्यांच्या नोंदी आपण तपासतोय. आणि उतारा सगळ्या खात्यांचा हवा. कॅश क्रेडिटचं खातं सगळे देतात, पण एखादं जुनं चालू खातं विसरलेलं असतं आणि नेमके भाड्याचे पैसे तिथून जात असतात.

सगळ्या रकमा पाहणं शक्य नसतं, म्हणून एक हद्द ठरवायची. या मिलमध्ये सुमारे अडीच लाखांची चूक झाली तर ताळेबंद वाचणाऱ्याचं मत बदलेल, असं आम्ही धरलं. नफ्याच्या पाच टक्क्यांच्या आसपासची ही रक्कम आहे. पण बघायची हद्द तितकी उंच ठेवली तर लाख-लाखाच्या चार चुका हातातून निसटतात आणि त्यांची बेरीज अडीच लाखांच्या वर जाते. म्हणून एक लाखावरचं प्रत्येक पेमेंट पाहायचं ठरवलं. अशी ५२ निघाली. त्याखालची दहा आम्ही मधूनमधून उचलली.

आता प्रत्येक पेमेंटमागचं बिल मागवायचं. इथे बहुतेक जण एक चूक करतात. बिलावरची तारीख पाहतात, ती एप्रिलची दिसली की ‘नवीन वर्षाचं’ म्हणून पुढे जातात. बिलाची तारीख म्हणजे समोरच्याने कागद कधी फाडला याची तारीख. देणं त्या दिवशी जन्माला येत नाही. माल आपला झाला किंवा सेवा घेऊन झाली, त्या दिवशी येतं. म्हणून बिल बाजूला ठेवून गेटची वही, काटा पावती आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी मागायची, आणि खर्चाचं बिल असेल तर ते कोणत्या काळासाठी आहे ते वाचायचं.

एवढं पाहिल्यावर तीनच उत्तरं शक्य असतात. माल किंवा सेवा १ एप्रिलपासूनची असेल तर ३१ मार्चला देणं नव्हतं. आधीची असून क्रेडिटर्सच्या यादीत असेल तरी प्रश्न मिटला. फक्त यादीतल्या नावासमोर ती रक्कम खरंच आहे हे बोट ठेवून पाहायचं. आधीची आणि यादीत नाही, असं असेल तर आपण जे शोधत होतो ते मिळालं. या ५२ पेमेंटांतली बहुतेक पहिल्या दोन खणांत गेली. २१ एप्रिलला एका आडत्याला दिलेले ७ लाख ३० हजार यादीत जसेच्या तसे होते. ५ मे रोजी एका यंत्रवाल्याला दिलेले ५ लाख ॲडव्हान्स होते आणि यंत्राची ऑर्डरच एप्रिलमधली होती. उरलेल्या तीन पेमेंटांपाशी थांबावं लागलं.

पहिलं पेमेंट ९ एप्रिलचं, कलबुर्गीच्या व्यापाऱ्याला आरटीजीएसने गेलेले १४ लाख. बिल २ एप्रिलचं, टॅलीतली नोंदही २ एप्रिलची. टॅलीतली मालाची आवक म्हणजे `Receipt Note`, तीसुद्धा २ एप्रिलचीच, कारण मुनीमजींनी बिल आणि आवक दोन्ही एकत्र घातली. सगळे कागद एकमेकांशी जुळत होते. फक्त काटा पावतीवर २९ मार्च, संध्याकाळचे सात चाळीस असं छापलेलं होतं.

इथे सौदा कसा ठरला होता हेही विचारावं लागतं. व्यापारी माल मिलपर्यंत पोहोच देणार असेल तर गेटमधून आत येईपर्यंत माल त्याचा. हा सौदा पोहोचचा होता, म्हणून २९ मार्च ही तारीख पक्की. पण सौदा ‘भाव तिथला, भाडं तुमचं’ असा असेल आणि ट्रक भरून दिला की व्यापारी मोकळा होत असेल, तर माल तिथेच आपला होतो. तेव्हा ३० मार्चची बिल्टी असलेला आणि १ एप्रिलला पोहोचलेला ट्रकसुद्धा ३१ मार्चला आपलं देणं ठरतो, जरी त्या रात्री तो रस्त्यात कुठेतरी उभा असला तरी. अशा वेळी देण्याबरोबर ‘वाटेतला माल’ म्हणून शिल्लकही वाढवायची. नफा बदलत नाही. एप्रिलच्या पहिल्या चार-पाच दिवसांत आलेल्या ट्रकांच्या बिल्ट्या मी म्हणूनच हमखास पाहतो.

दुसरं पेमेंट विजेचं. १६ एप्रिलला महावितरणला १ लाख ८५ हजार गेले, वापर मार्च महिन्याचा. मुनीमजींचं म्हणणं होतं, ‘साहेब, वर्षाची बारा बिलं खर्चात आहेत, मोजून घ्या.’ मोजली, बाराच होती. पण त्यातलं पहिलं बिल मार्च २०२४ चं होतं, जे एप्रिल २०२४ मध्ये भरलं तेव्हा खर्चात पडलं. वर्षानुवर्षं एक बिल असं पुढे सरकत आलेलं. ही चूक खर्चाच्या खात्यात दिसत नाही, कारण दरवर्षी बाराच बिलं असतात आणि खर्च साधारण सारखाच राहतो. दिसते ती देण्यांच्या बाजूला. मार्चची वीज वापरून झालेली असते आणि तिचं देणं ताळेबंदात कुठेच नसतं. दुरुस्ती करताना मार्च २०२५ चं १ लाख ८५ हजारांचं बिल घालावं लागतं. या वर्षात मग तेरा बिलं होतात आणि त्यातलं मार्च २०२४ चं १ लाख ६० हजारांचं बिल ‘आधीच्या वर्षाचा खर्च’ म्हणून वेगळं दाखवायचं. पुढच्या वर्षापासून गाडी रुळावर येते.

तिसरं पेमेंट मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. २५ एप्रिलला एका दलालाला १ लाख २० हजार दिले होते. दलालाचं बिल सौद्यागणिक येत नाही. तो आपल्या वहीत क्विंटल लिहीत राहतो आणि हंगाम सरला की एकच बिल देतो. हे बिल २० एप्रिलपर्यंतच्या १२,००० क्विंटलचं होतं, क्विंटलला १० रुपये. बिल एप्रिलचं, पैसे एप्रिलचे, म्हणून सगळंच नव्या वर्षात गेलेलं. पण काटा पावत्या लावून पाहिल्या तर १०,००० क्विंटल माल ३१ मार्चच्या आत आलेला होता. म्हणजे एक लाख जुन्या वर्षाचे आणि वीस हजार नव्या वर्षाचे. असं दोन वर्षांवर पाय ठेवून उभं असलेलं बिल फोडावं लागतं, आणि ते फोडण्याचा आधार प्रत्यक्ष आलेला माल असावा. ‘चार महिन्यांतले तीन महिने जुने’ असा अंदाज हंगामी धंद्यात चालत नाही, कारण माल सगळ्या महिन्यांत सारखा येत नाही.

बिल न मागताही लक्ष वेधणारी एक खूण सांगतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कुणाला दिलेली रक्कम ३१ मार्चच्या त्याच्या शिल्लकीपेक्षा बरीच जास्त असेल तर थांबायचं. आडत्याचं देणं यादीत सहा लाख आहे आणि ३ एप्रिलला त्याला दहा लाख दिलेत. ॲडव्हान्स देण्याची पद्धत नसेल, तर वरचे चार लाख कशाचे? दोन दिवसांत तेवढा माल आला असेल तर गेटच्या वहीत दिसेल. दिसला नाही तर आडत्याकडून त्याचा खातेउतारा मागवायचा. मार्चची एखादी पट्टी त्याच्याकडे लागलेली असते आणि आपल्याकडे नसते.

दुसरा रस्ता: आलेला माल, न आलेलं बिल

पैशांचा माग काढण्याला एक मोठी मर्यादा आहे. पैसे गेले तरच माग निघतो. नव्वद दिवसांच्या उधारीवर मार्चच्या शेवटी आलेल्या मालाचे पैसे जूनच्या अखेरीस जाणार आणि आमचा उतारा १५ जूनला संपला. भावावरून किंवा वजनावरून वाद असेल तर पैसे दिवाळीपर्यंतही जात नाहीत. नेमकी वादातली देणीच वहीबाहेर राहण्याचा संभव जास्त, कारण वाद मिटेपर्यंत बिल टेबलाच्या खणात पडून असतं.

म्हणून दुसऱ्या बाजूने यायचं. टॅलीत `Receipt Note` वापरत असतील तर `Purchase Bills Pending` हा रिपोर्ट ३१ मार्च तारखेने काढायचा. माल आलाय पण बिल लागलेलं नाही, अशा आवका त्यात दिसतात. आमच्या मिलमध्ये चार ओळी निघाल्या. त्यातली फक्त एक खऱ्या देण्याची होती, आणि उरलेल्या तीन का नव्हत्या हे समजून घेणं तितकंच गरजेचं आहे.

खरी ओळ बारदान्याची. १८ मार्चला २०,००० पोती आली, करासह १५ रुपये नग, एकूण ३ लाख. पोत्यांची शिवण कमजोर निघाली म्हणून मालकांनी भाव पाडून मागितला आणि बिल अडकवून ठेवलं. १५ जूनपर्यंत एक रुपयाही दिलेला नव्हता, त्यामुळे पैशांच्या तपासणीत ही पोती दिसणं शक्यच नव्हतं. पण १२,००० पोत्यांत दाळ भरून ती विकूनही झाली होती आणि उरलेली ८,००० शिल्लक मालात मोजलेली होती. माल परत केलेला नाही, वापरलाय, म्हणजे देणं आहे. किती, एवढाच वाद. तपासणीच्या दिवसापर्यंत तडजोड झाली असती तर ठरलेली रक्कम धरली असती. झाली नव्हती आणि मालकांकडे भाव कमी होणार असल्याचा एकही कागद नव्हता, म्हणून पूर्ण ३ लाख धरले. बारदान्यावरचा जीएसटी एरवी आपण परत मिळणारा कर म्हणून बाजूला काढतो. इथे मिल खुली, करमुक्त दाळ विकते, त्यामुळे तो कर परत मिळत नाही आणि खर्चातच जातो. तुमचा माल करपात्र असेल तर बिलाशिवाय धरलेल्या तरतुदीत कर मिसळू नका.

आता उरलेल्या तीन ओळी. एक नोव्हेंबरमधली होती, दीड लाखाच्या तुरीची. चार महिने बिल आलं नाही असं सहसा होत नाही. शोधलं तेव्हा बिल डिसेंबरमध्येच नोंदलेलं सापडलं आणि पैसेही दिलेले होते. बिल घालताना `Tracking No.` निवडायचा राहिला, म्हणून टॅलीला ते बिल त्या आवकेचं आहे हे कळलंच नाही. ही ओळ देणं म्हणून धरली असती तर एकच खरेदी दोनदा लागली असती. अशा चुकीने टॅलीतला स्टॉकही दुप्पट होतो, एकदा आवकेने आणि एकदा बिलाने. मिलमध्ये ३१ तारखेचा माल प्रत्यक्ष मोजून धरला होता म्हणून ताळेबंदापर्यंत ते पोहोचलं नाही. दुसरी ओळ ४० क्विंटल तुरीची. ओलावा जास्त निघाला म्हणून ती त्याच दिवशी परत गेली, गेटच्या वहीत ‘परत’ अशी नोंद होती, पण टॅलीतली आवक रद्द केलेली नव्हती. तिसरी ओळ हजार-बाराशे रुपयांच्या फरकाची, वजनातल्या घटीमुळे उरलेली.

जुन्या ओळींचा हा ढीग काही मिलमध्ये वर्षानुवर्षं साचतो. मग रिपोर्ट काढायचा आणि ‘हे सगळं जुनंच आहे’ म्हणून मिटवून टाकायचा, अशी सवय लागते. त्याच ढिगात मार्चची खरी ओळ बसलेली असते. म्हणून रिपोर्ट आधी तारखेने लावायचा. शेवटच्या साठ दिवसांतली प्रत्येक ओळ कागदासह बघायची आणि जुन्यांची कारणं लिहून त्या वहीतून साफ करायला लावायच्या.

आता पुन्हा कलबुर्गीच्या ट्रककडे बघा. तो या रिपोर्टमध्ये नव्हता! त्याची आवकच २ एप्रिलच्या तारखेने घातलेली, मग ३१ मार्चच्या रिपोर्टमध्ये तो येणार कसा? तो फक्त पैशांच्या मागाने सापडला, आणि बारदाना फक्त आवकेच्या रिपोर्टने. दोन्ही तपासण्या कराव्या लागतात त्या यासाठी. दोन्हीकडून निसटेल असाही एक ट्रक असू शकतो. आवक एप्रिलची घातलेली आणि पैसे अजून दिलेले नाहीत. त्याच्यासाठी टॅलीच्याही मागे जावं लागतं, वॉचमनच्या वहीपर्यंत.

गेटची वही आणि काटा पावत्यांचे नंबर अनुक्रमाने चालतात आणि ते लिहिणाऱ्याला नफ्याशी काही घेणंदेणं नसतं, म्हणून मला हे कागद सगळ्यात विश्वासाचे वाटतात. ३१ मार्चची शेवटची काटा पावती कोणत्या नंबरची ते पाहायचं आणि तिथून मागे पंधरा-वीस पावत्या घ्यायच्या. आत आलेला प्रत्येक ट्रक टॅलीत मार्चमध्ये आहे का ते बघायचं. मधला एखादा नंबर गायब असेल तर तो का गायब आहे याचं उत्तर घ्यायचं. जमलं तर ३१ मार्चला माल मोजायला जाल तेव्हाच शेवटच्या पावतीचा फोटो काढून ठेवा. जूनमध्ये ती वही हाताशी असेलच असं नाही.

जीएसटीवाल्या धंद्यात आणखी एक सोय आहे. पुरवठादारांनी भरलेली बिलं मार्चच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसतात, आणि ती आपल्या खरेदीशी लावून पाहिली की आपल्याकडे न आलेली बिलं उघडी पडतात. पण दाळमिलचा मुख्य कच्चा माल म्हणजे खुली तूर. तिच्यावर जीएसटी नाही, त्यामुळे ती तिथे सापडत नाही. वाळूजच्या सुट्या भागांच्या कारखान्यात हा मार्ग चांगला चालेल. लातूरच्या मिलमध्ये बारदाना आणि यंत्रांच्या भागांपुरताच.

बेरीज, आणि नंतरचं काम

चारही देणी मांडू: तूर १४ लाख, वीज १ लाख ८५ हजार, दलाली १ लाख, बारदाना ३ लाख. एकूण १९ लाख ८५ हजार. या चारांपैकी प्रत्येकाने नफा कमी होतो, कारण तूर आणि पोती दोन्ही शिल्लक मालाच्या मोजणीत आधीच बरोबर धरलेली होती. ४८ लाखांचा नफा २८ लाख १५ हजारांवर आला.

मालकांना हे ऐकायला जड गेलं, आणि मला ते समजतं. कर कमी लागेल, हे त्यांच्या बाजूचं. पण त्याच ताळेबंदावर बँक कॅश क्रेडिटची मर्यादा ठरवते. बँक मालाच्या किमतीतून न फेडलेली देणी वजा करून उरलेल्यावर पैसे उचलू देते. माल दाखवला आणि त्याचं देणं दाखवलं नाही तर उचल वाढते, आणि ती पैसेच न दिलेल्या मालावर वाढलेली असते. म्हणून जिथे मर्यादा ताणून वापरलेली आहे, तिथे देणी सुटण्याची शक्यता मी जास्त धरतो आणि लाखाची हद्द आणखी खाली आणतो. जिथे नफा चांगला आणि बँकेचं कर्ज नाही, तिथे उलटं होतं. कर वाचवायला एप्रिलचा माल मार्चमध्ये ओढतात. तिथे याच काटा पावत्या दुसऱ्या दिशेने वाचाव्या लागतात.

‘पण बिल तर एप्रिलमध्ये आलं, मार्चमध्ये आम्हाला कसं माहीत असणार?’ असं बरेचदा विचारलं जातं. लेखांकन मानक ४ मध्ये याचं उत्तर आहे. ताळेबंदाच्या तारखेनंतर समजलेली गोष्ट त्या तारखेला असलेल्या परिस्थितीचा पुरावा देत असेल तर आकडे दुरुस्त करायचे. वीज मार्चमध्येच वापरली गेली होती. एप्रिलच्या बिलाने फक्त किती ते सांगितलं. याउलट १० एप्रिलला गोडाऊनला आग लागली तर ती ३१ मार्चची परिस्थिती नव्हती, म्हणून मार्चच्या शिल्लक मालातून ते नुकसान वजा करायचं नाही. नुकसान मोठं असेल तर त्याची माहिती मात्र द्यावी लागते.

या दोन्ही तपासण्या करूनही जे हाती लागत नाही तेही स्पष्ट सांगायला हवं. भागीदाराने घरच्या खात्यातून भागवलेलं बिल बँकेच्या उताऱ्यात दिसत नाही. येण्या-देण्याची परस्पर फिरवाफिरव करून मिटवलेलं देणंही दिसत नाही. त्यासाठी एप्रिल-मेच्या जर्नल नोंदी वाचाव्या लागतात. कुणी दावा लावलेला असेल तर तो वकिलाच्या पत्रातून कळतो, गेटच्या वहीतून नाही. आणि ताळेबंदावर सही ऑगस्टमध्ये होणार असेल तर १५ जूनपर्यंतच्याच उताऱ्यावर थांबलेली तपासणी पुरत नाही. सहीच्या आधी मधल्या काळातली मोठी पेमेंटं पुन्हा एकदा पाहावी लागतात.

शेवटी नोंदीबद्दल. चारही देणी ३१ मार्चच्या तारखेने घातली की काम संपल्यासारखं वाटतं, पण त्याच तूर, वीज आणि दलालीच्या नोंदी मुनीमजींनी एप्रिलमध्ये आधीच खर्चात टाकलेल्या आहेत. त्या तशाच राहिल्या तर नव्या वर्षात तो खर्च दुसऱ्यांदा लागतो आणि पुढच्या जूनमध्ये आपण उलट्या चुकीच्या मागे धावतो. तुरीची २ एप्रिलची खरेदी काढून टाकायची, म्हणजे ९ एप्रिलचे चौदा लाख थेट व्यापाऱ्याच्या जुन्या देण्यात जमा होतात. वीज पूर्ण आणि दलालीतले फक्त एक लाख खर्चातून काढून देण्याच्या खात्याला लावायचे. दलालीचे वीस हजार एप्रिलमध्येच ठेवायचे. बारदान्याचं बिल अजून नोंदलेलं नाही. ते ज्या दिवशी येईल त्या दिवशी मुनीमजींच्या समोर एक चिठ्ठी असावी: हे खरेदीत नाही, तरतुदीत टाका.